चैत्रात मऊ पडलेले चुरमुरे

"हाताला विचारू नगं, दाताला विचार. आन् तेबी गार झाल्यावर. कढईतला ऊन चुरमुरा खोटं बोलतोय."

नवरा म्हस्कू जाऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी चुलीवर रिकामी कढई तापायला लागली की ठमाबाईला हा आवाज ऐकू यायचाच. इंदापूरच्या बाजारात 'म्हस्कूची भेळ' म्हणून जी हातगाडी उभी राहायची, तिच्यामागं तिचा सगळा जन्म गेला होता. कालवायचा म्हस्कू, निवडणं, भाजणं, डबे भरणं ठमाबाईचं. तो होता तोवर चुरमुऱ्यातलं कळणारी माणसं जगात दोन होती. तो गेल्यावर एकच उरलं, अशी तिची खात्री होती. ते एक कोण, हे तिनं कधी तोंडानं सांगितलं नाही. मोठ्यानं बोलायची तिची रीतच नव्हती. पहाटे तुळशीला पाणी, मग पोथीचा अध्याय, गाईला घास, आणि चैत्रातलं नवरात्र धान्याचा कण तोंडात न घालता काढायचं. एवढं सगळं करणारी बाई आवाज चढवत नाही. तिचं हिणवणंसुद्धा मंद आचेवरचं असायचं. समोरच्यानं काही मूर्खपणा केला की ती नुसतं "बरं" म्हणायची. घरातल्यांना त्या एका "बरं"ची धास्ती होती.

अलीकडं सगळ्यात जास्त "बरं" दीपकच्या वाट्याला आले होते.

दीपक म्हणजे म्हस्कूच्या धाकट्या भावाचा मुलगा. ठमाबाईला मूलबाळ नाही, म्हणून गाडी त्याच्याकडं गेली. गाडी गेली ती गेलीच. त्यानं ती विकली आणि हमरस्त्याला गाळा घेतला. गाळ्यावर पाटी लावली, 'म्हस्कूज् भेळ हाऊस', आणि खाली बारीक अक्षरात 'थंडगार वातावरणात'. भेळ खायला थंडगार वातावरण कशाला लागतं हे ठमाबाईला कळलं नव्हतं. भेळ उभ्यानं खायची, कागदात खायची, नाकातोंडातून पाणी येत असताना खायची. पण दीपक कुठल्याशा मोठ्या शहरात जाऊन काहीतरी बघून आला होता, आणि बघून आलेला माणूस ऐकून घेत नाही. येताना डोक्यावर काळा गॉगल चढवून आला. तो गॉगल डोळ्यांवर कधी उतरलेला तिनं पाहिला नाही. डोक्याला ऊन लागत असेल, असं ती मनाशी म्हणायची.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गाळ्याचं उद्घाटन झालं, त्या दिवशी ती गेली होती. आत काचेचं मोठं कपाट, मागच्या बाजूनं उघडं. त्यात चुरमुऱ्यांचा डोंगर रचलेला, गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून. डोंगराच्या मागं चुरमुऱ्यांची पोती, तोंडं सोडून दुमडलेली, फुलासारखी. आणि त्या पोत्यांच्या मागं खिडकीत बसवलेला, आतून पाणी झिरपणारा, भलामोठा कूलर. कूलरचा वारा पोत्यांवरून, डोंगरावरून, मग गिऱ्हाइकाच्या तोंडावर.

ठमाबाईनं तो वारा हातावर घेतला. हात ओलसर लागला.

"काकी, कसं वाटतंय?" दीपकनं विचारलं होतं.

"बरं," ठमाबाई म्हणाली, आणि पेढा हातात घेऊन घरी आली.

तिला त्याच क्षणी दिसलं होतं पुढं काय होणार ते. चुरमुरा म्हणजे आतून पोकळ, कोरडा, तहानेला. हवेतला ओलावा दिसेल तिथून ओढून घेतो. म्हणून म्हस्कू पोतं फळीवर ठेवायचा, जमिनीवर कधी नाही. तोंड दुहेरी पीळ देऊन बांधायचा. लागेल तेवढाच माल पत्र्याच्या डब्यात काढायचा आणि झाकण दाबून बसवायचा. कांदा चिरलेला हात डब्यात गेला तर तो हात जन्मभर लक्षात राहील असं बोलायचा. पावसाळ्यात एवढं जपायचं तर ठीक, पण इंदापूरच्या चैत्रात? चैत्रात इथं ओठ फुटतात, माठ दुपारीच रिकामा होतो, पिळलेलं लुगडं दोरीवर सरळ करेपर्यंत सुकतं. अशा दिवसांत चुरमुरे मऊ पाडून दाखवायचे तर अंगात काहीतरी विशेष पाहिजे. दीपकच्या अंगात ते होतं.

तिनं मात्र सांगितलं नाही. विचारलं तर सांगू, असं तिनं ठरवलं. आणि दीपक विचारणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. दोन्हींमध्ये तिला एक बारीक समाधान होतं.

झालंही तसंच. भेळ चामट लागते अशी बोलणी सुरू झाली. दीपकनं चुरमुरेवाला बदलला. मग दुसरा बदलला. मग म्हणाला की हल्ली तांदळातच दम राहिला नाही. उन्हं वाढली तसा कूलर आणखी जोरात लावला. ही सगळी हकीकत सुप्रिया, त्याची बायको, दर चतुर्थीला ठमाबाईच्या पाया पडायला यायची तेव्हा सांगून जायची. सुप्रिया बारामतीची, एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यावर कामाला असलेल्या बापाची लेक. तिला बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय होती आणि पिशवीत कायम कुरकुऱ्यांचं पाकीट असायचं. ठमाबाईला या दोन्ही गोष्टी पसंत नव्हत्या.

एवढ्यावर भागलं असतं. पण मध्ये कऱ्हाटीची यात्रा होती.

कऱ्हाटी म्हस्कूचं गाव. इंदापूर पोटासाठी, कऱ्हाटी जिवासाठी, असं तो म्हणायचा. यात्रेत देवळाच्या दाराशी पिंपळाखालची जागा त्याच्या भेळेची, आणि ती गावानं दिलेली. गावात एक रीत पडून गेली होती: संध्याकाळी आखाड्यात कुस्तीची पहिली जोड लागायच्या आधी पंचांनी पिंपळाखाली यायचं, उभ्यानं म्हस्कूची भेळ खायची आणि मग हलगी वाजायची. गेल्या वर्षी दीपक एकटाच गेला होता. पंचांनी भेळ तोंडात घातली आणि कुणी काही बोललं नाही. कऱ्हाटीत न बोलणं ही मोठी शिक्षा असते. यंदा पंचांमधले थोरले रामहरीआबा यांनी निरोप धाडला. ठमाबाईलाच धाडला. निरोप साधा होता: यंदाही भेळ तशीच असली, तर पुढल्या वर्षापासून ती जागा मंचुरियनच्या गाड्याला जाईल. पोरं तेच मागतात.

ठमाबाईनं निरोप दोनदा वदवून घेतला. दीपकची फजिती तिला हवी होती, पण ती इंदापुरात, हमरस्त्याला, कूलरसमोर. कऱ्हाटीत पिंपळाखाली लाल रस्सा घातलेले कोबीचे गोळे विकले जाणार, आणि म्हस्कूचं नाव त्यापायी जाणार, हे तिला सोसणारं नव्हतं. नवरात्राचे उपास चालू होते. तरीही तिनं राजगिऱ्याचे लाडू फडक्यात बांधले आणि सुप्रियाला सांगून पाठवलं की यात्रेला मी येणार.

टेम्पोत दीपक पुढं, ठमाबाई आणि सुप्रिया मधल्या सीटवर, मागं गाळ्यातली पोती. वाटभर दीपक फोनवर कुणाला तरी यात्रेचा कॉन्सेप्ट समजावत होता. बारामती ओलांडली, उसाची हिरवळ मागं पडली, मोरगावच्या अंगाला जिरायत माळ सुरू झाला आणि गरम वारा आत शिरला. ठमाबाईनं मनातल्या मनात देवाला हात जोडले. वारा कोरडा होता. देवानं निदान वारा तरी नीट दिला होता.

पिंपळाखाली ताडपत्री बांधून झाली आणि दीपकनं पहिलं पोतं सोडलं. ठमाबाईनं मूठ भरून घेतली आणि आवळली. चांगला चुरमुरा मुठीत कुरकुरतो, त्याचा भुगा होतो. हा नुसता दबला, आणि मूठ सोडल्यावर हळूहळू परत फुगला, स्पंजासारखा. दुसरं पोतं तसंच. तिसरंही.

दीपकनं एक तोंडात टाकला, चावला, चावतच राहिला.

"ह्या चुरमुरेवाल्याला मी आता सोडत न्हाय," तो म्हणाला.

"बरं," ठमाबाई म्हणाली.

मग दीपकनं जे केलं ते बघायला ती दगडावर बसली. पदर सारखा केला, जपमाळ काढली आणि बसली. दीपकनं गॅसची मोठी भट्टी पेटवली, ती लग्नातल्या भातासाठी असते तसली, विमानासारखी घुमणारी. वर कढई. कढईत अर्धं पोतं एकदम ओतलं. तळचे चुरमुरे काळे झाले, वरच्यांना काही झाल्याची खबरही नव्हती. त्यानं झाऱ्यानं ढवळलं तेव्हा काळे वर आले आणि पांढरे खाली गेले. मग धूर आला. धूर बघून त्यानं घाईनं सगळं भांड्यात काढलं आणि वर झाकण घातलं, कुरकुरीतपणा उडून जाईल म्हणून. झाकणाच्या आतून पाणी सुटलं आणि ते थेंब थेंब परत चुरमुऱ्यांवर पडलं. आता ते जळलेलेही होते आणि ओलेही. दोन्ही एका वेळी करून दाखवणारा माणूस ठमाबाईनं आजवर पाहिला नव्हता. तिनं माळेचा मणी पुढं ढकलला.

झाकण काढून दीपकनं आत बघितलं, मग कुणाकडंच न बघता फोन काढला. मोरगावात कुणाकडं तरी ताजे चुरमुरे मिळतात का बघून येतो म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला. यात्रेच्या दिवशी चुरमुरे शिल्लक ठेवणारा दुकानदार त्या टापूत नव्हता. हेही ठमाबाईला माहीत होतं, आणि हेही तिला कुणी विचारलं नव्हतं.

सुप्रिया येऊन तिच्यासमोर उकिडवी बसली. "काकी," ती म्हणाली, "तुमी बसून बघणार हाय का करणार हाय?"

डोळ्यांत बघून म्हणाली. ठमाबाईला राग आला, पण तिनं माळ पिशवीत ठेवली आणि पदर खोचला.

आधी तिनं ती घुमणारी भट्टी बंद करवली. देवळामागून विटा आणल्या, चूल मांडली, लाकडं पेटवली आणि ज्वाळ बसून निखारे होईस्तोवर कढईला हात लावला नाही. तोवर एक पोतं राखून बाकीचे चुरमुरे सुती धोतरावर पातळ पसरून उन्हात ठेवले. या उन्हानं अर्धा ओलावा फुकट नेला. तेवढं भाजायचं वाचलं. मग एकेक सुपलीभर कढईत. जास्त नाही, प्रत्येक दाण्याला कढईचा तळ भेटला पाहिजे. हात थांबवायचा नाही, आच वाढवायची नाही. तेल नाही, मीठ नाही. गेलेला कुरकुरीतपणा परत आणायचा तर धमकावून येत नाही.

हे सगळं ती मनात दीपकला ऐकवत होती, आणि त्यात तिला फार गोडी लागली होती. विमान उडवतोय. झाकण घालतोय. कॉन्सेप्ट म्हणे. हात फिरत होता आणि मन टोचत होतं.

सुप्रियानं पहिल्या घाण्यातले चार दाणे धोतरावर टाकले, फुंकर घालून गार केले आणि तोंडात टाकले.

"काकी, झालेत. उतरवा."

ठमाबाईनं कढईतला एक दाणा चिमटीत धरला. दबला. मऊ होता. "न्हाई झालं," ती म्हणाली.

"अवो, गार झाल्यावर लागतायत कडक."

"तुझ्या तोंडाला काय कळायचं बाई," ठमाबाई हळूच म्हणाली, "पाकिटातलं खाणारं तोंड ते."

एरवी ती असं बोलली असती आणि लगेच स्वतः एक दाणा तोंडात टाकून बघितला असता. आयुष्यभर तेच केलं होतं. पण नवरात्र होतं. चुरमुरा म्हणजे तांदूळ. जिभेला लागला की उपास मोडला, थुंकून टाकला तरी मोडला. देवाला फसवायचा विचार तिच्या मनातही आला नाही. तिच्याकडं उरली होती चिमूट, आणि चिमटीची कातडी अनेक वर्षांच्या कढईनं जाड झालेली. त्या चिमटीला गरम चुरमुरा मऊच लागणार होता, कितीही भाजला तरी.

म्हस्कूचं बोलणं कानात होतं. दातालाच विचार. पण दात होता सुप्रियाचा, आणि सुप्रियाच्या दाताला विचारायचं म्हणजे सुप्रियाला विचारायचं. ठमाबाईनं निखारे पुढं ओढले आणि भाजत राहिली. पहिला घाणा, दुसरा, तिसरा, वाळवलेलं सगळं संपेपर्यंत. चुरमुरे आकसत गेले, पांढऱ्याचे पिवळसर झाले. सुप्रिया एकदा बोलली, दुसऱ्यांदा बोलली, मग कांदे चिरायला गेली.

रामहरीआबा काठी टेकत आले ते तेव्हा. फेटा, पांढरी मिशी, खालची कवळी नवीन. आखाड्याची माती बघून येताना पिंपळाखाली डोकावले. ठमाबाईला रामराम केला, म्हस्कूची आठवण काढली, आणि धोतरावरचे भाजून गार झालेले मूठभर चुरमुरे उचलून तोंडात टाकले.

टक्, असा आवाज झाला. आबांनी गालाला हात लावला.

तोंडात बोट घालून कवळी जागेवर बसवली. मग म्हणाले, "ठमाबाई, मागल्या साली चघळावं लागत हुतं. औंदा फोडावं लागतंय. माझं म्हणशील तर मागल्या सालचंच बरं हुतं."

ते हसत म्हणाले, पण जाताना ओढ्याकडच्या कडेला उभ्या असलेल्या मंचुरियनच्या गाड्याकडं बघून गेले. गाडेवाला विशाल तिथून पिंपळाच्या सावलीचा अंदाज घेत होता, पुढल्या वर्षी स्टोव्ह कुठं मांडायचा असा.

ठमाबाईनं धोतरावर हात फिरवला. हाताखाली रेतीसारखं वाजलं. सगळ्यात चांगले, उन्हात वाळवलेले चुरमुरे तिनं स्वतः खडे केले होते. दीपकनं धूर काढून नासले, तिनं जपून नासले. एवढाच फरक. आणि नासल्यावर फरक कुठं राहतो? भिजला तो परत आणता येतो, जास्त भाजला तो येत नाही. आता शेवटचं एक पोतं उरलं होतं. दीपकला ऐकवायला मघाशी मनात जी जी वाक्यं रचली होती, ती आता तिच्याकडंच तोंड करून उभी राहिली. त्यांतलं एकही खोटं नव्हतं.

ती उठून सुप्रियाजवळ गेली. सुप्रिया मान खाली घालून कांदा चिरत होती.

"मला तोंडात घालता येत न्हाय," ठमाबाई म्हणाली.

"ठाव हाय मला."

"मग तू सांगायचं. तू म्हणशील तवा उतरवीन."

सुप्रियानं सुरी खाली ठेवली. कांद्यानं डोळे लाल झाले होते, तरी बघितलं तिनं डोळ्यांतच. म्हणाली, सांगते. पण एक कबूल करायचं. चुरमुरे कशानं मऊ पडतात ते काकींना पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे, हे तिला कधीच कळून चुकलं होतं. तिनं स्वतः ह्यांना कूलरबद्दल सांगून बघितलं. ते म्हणाले तुला काय कळतं. तेव्हा आज भेळ झाली की काकींनी स्वतः जाऊन ह्यांना सांगायचं.

"सांगंन की," ठमाबाई म्हणाली. सांगायला तर तिच्या जिभेला केव्हापासून खाज सुटली होती.

"तसं न्हाय," सुप्रिया म्हणाली. "हिणवायचं न्हाय. 'बरं' म्हणायचं न्हाय. मायेनं सांगायचं, जसं तुमच्या मालकांनी तुमाला सांगितलं असंल तसं."

ठमाबाईनं पदराला हात पुसले. तिनं आयुष्यात पुष्कळ व्रतं धरली होती. मीठ सोडलं होतं, चपला सोडल्या होत्या, एका श्रावणात बोलणंसुद्धा सोडलं होतं. पण असलं काही तिच्याकडं कुणी मागितलं नव्हतं. तिकडं देवळावर भोंग्यातून कुस्त्यांच्या जोडांची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

"कबूल," ती म्हणाली.

"देवासमोर हाय आपण."

"कबूल म्हटलं ना बाई."

मग काम सुरू झालं. शेवटचं पोतं धोतरावर पसरलं, उन्हाला दिलं. निखारे कमी केले, कढई उचलून तिचा ताप उतरू दिला. सुपलीभर चुरमुरे आत. ठमाबाईचा हात गोल फिरू लागला, तळापासून वर, कडेपासून आत. सुप्रिया शेजारी बसली. मध्येच दोन दाणे उचलायची, तळहातावर नाचवून गार करायची, दाढेखाली धरायची. तोंड वाकडं करायची: अजून न्हाय. परत दोन दाणे. कान देऊन चावायची, जणू दुसऱ्या खोलीतलं बोलणं ऐकतेय. आणि मग, ठमाबाईच्या चिमटीला अजून पार मऊ लागत असतानाच, म्हणायची, "उतरवा."

दर वेळी ठमाबाईचा हात एक क्षण थांबायचा. दर वेळी तिला वाटायचं, कच्चे आहेत, पोरगी घाई करतेय. आणि दर वेळी ती उतरवायची. धोतरावर सावलीत पसरलेले चुरमुरे गार होताना बारीक आवाज करायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय सुप्रिया एकाही डब्याला हात लावू देत नव्हती, हेही ठमाबाईनं पाहिलं. कुणी शिकवलं हिला? कुणीच नाही. मघाशी दीपकच्या झाकणाखालचं पाणी तिनंही बघितलं होतं, एवढंच. बघणाऱ्याला पुरतं तेवढं. ठमाबाईला तिचं कौतुक वाटलं, आणि ते तिनं ताबडतोब गिळून टाकलं. कौतुकाची तिला सवय नव्हती.

दीपक आला तो रिकाम्या हातानं. मोरगावात कुठंच काही नव्हतं. डबे भरलेले बघून त्यानं एक दाणा तोंडात टाकला. कुर्र झालं. त्यानं गॉगल डोक्यावरून काढला, परत घातला. शेवटी म्हणाला की बरं झालं, लॉट मधूनमधून चांगला लागतो.

ठमाबाईनं ओठ दातांखाली धरले. सुप्रिया तिच्याकडंच बघत होती.

उन्हं कलली तसे पंच आले. दीपकनं पातेलं पुढं ओढलं. शेव, फरसाण, भाजके शेंगदाणे, कांदा, कैरी, कोथिंबीर. चिंच-गुळाचं पाणी अगदी शेवटी, आणि चुरमुरे त्याच्याही नंतर, हे ठमाबाईनं नुसत्या बोटानं खुणावलं. दीपकनं यंदा खूण ऐकली. चार हेलकावे दिले आणि लगेच कागदात. रामहरीआबांनी कागद हातात घेतला, आधी जरा दूर धरला, कवळीवर हात ठेवून पहिला घास घेतला. मग दुसरा. मग कवळीवरचा हात काढला. पंचांनी एकमेकांकडं बघितलं आणि कुणी काही बोललं नाही, पण कागद सगळ्यांचे रिकामे झाले, आणि एकानं कागदाच्या कोपऱ्यात अडकलेली शेवसुद्धा झटकून खाल्ली. आबांनी जाता जाता विशालला काठीनं खूण केली की गाडा आहे तिथंच, ओढ्याच्या कडेलाच बरा दिसतो, पुढल्या सालीसुद्धा. विशालनं मान हलवली आणि कोबीचे गोळे तळायला लागला. हलगी कडाडली. यात्रेतली सगळी माणसं आखाड्याकडं सरकली आणि जाताजाता पिंपळाखाली थांबली.

दीपकचे हात पुरेनात. पण तोंड पुरत होतं. गिऱ्हाइकाला तो सांगत होता की भेळेत सगळी करामत असते सिलेक्शनची. माल बघता यायला पाहिजे. आपण रानोमाळ फिरून माल निवडतो. आता गाळ्यात दुसरा कूलर बसवतोय, तेवढं झालं की मग बघा.

दुसरा कूलर. ठमाबाईच्या जिभेवर आलं, आणि तेही असं धारदार, की बोलली असती तर पोरगा कऱ्हाटीत पुन्हा पाय ठेवायला धजला नसता. आजवर तिनं त्याच्याबद्दल जे जे मनात म्हटलं होतं त्या सगळ्याचा अर्क त्या एका वाक्यात उतरला होता. वाया घालवायला जीव होत नव्हता. तिनं राजगिऱ्याचा लाडू तोडला, वाक्यासकट चावला, वर पाणी प्यायली.

पहिली मोठी जोड लागली आणि गर्दी तिकडं ओढली गेली. पिंपळाखाली जरा उसंत मिळाली. दीपक पातेलं सोडून टेम्पोच्या मागं जाऊन बसला, पाय लोंबकळत, गॉगल मांडीवर. थकला होता. गॉगल नसताना त्याचा चेहरा म्हस्कूच्या भावासारखा दिसायचा, आणि थोडासा म्हस्कूसारखाही. हे ठमाबाईनं आजवर बघायचं टाळलं होतं.

सुप्रिया कागद फाडून गठ्ठा लावत होती. तिनं वर बघितलं नाही.

ठमाबाईनं हात धुतले, कोरडे पुसले. मनात एक वाक्य जुळवलं. त्यात 'विमान' आलं. तिनं ते मोडलं. दुसरं जुळवलं, त्यात 'शहाणा' आलं, तेही मोडलं. तिसऱ्या वाक्यात नुसतं 'दीपक' एवढंच होतं, आणि पुढं काय येतं ते अजून तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. तिनं सगळ्यात शेवटच्या घाण्यातले मूठभर चुरमुरे वाटीत घेतले, पदर डोक्यावरून सारखा केला आणि आवाज न करता टेम्पोच्या दिशेनं चालू लागली.